हॅकॅथॉन झाला, स्पॉन्सर कंपनीने रिझ्युमे मागितला, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरचाच, रामबागेत वाढलो, आता विजय नगरकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडचं काम करतो आणि अधूनमधून शनिवार-रविवार कॉलेजांच्या हॅकॅथॉनला मेंटर म्हणून जातो. रविवारी संध्याकाळी बक्षिसं वाटून होतात, स्पॉन्सर कंपनीच्या एचआर मॅडम माइक घेऊन म्हणतात की तुम्ही सगळे आपापले रिझ्युमे आम्हाला पाठवा, आणि सोमवारी सकाळपासून माझ्या फोनवर "दादा, आता काय करू" सुरू होतं. प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

दादा, त्यांनी तर सगळ्यांनाच सांगितलं, खरंच बघतात का की नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात?

बघतात, पण कसं बघतात ते समजून घे म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आलेले रिझ्युमे एका शीटमध्ये किंवा कंपनीच्या भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात आणि प्रत्येकापुढे तो कुठून आला ते लिहिलेलं असतं, तिथे तुझ्या नावापुढे त्या हॅकॅथॉनचं नाव लागलं तर तू "त्या दिवशी भेटलेली मुलं" या छोट्या ढिगात जातोस, नाही लागलं तर वेबसाइटवरून येणाऱ्या मोठ्या ढिगात. तुझा रिझ्युमे दोन माणसं वाचतात. पहिली रिक्रूटर, ती पासिंग इयर, ब्रँच, बॅकलॉग, शहर आणि एकदोन स्किल बघते, त्यात बसलास तर ती तो एखाद्या इंजिनिअरकडे पुढे पाठवते. तो इंजिनिअर रिझ्युमे फार वाचत नाही, तो सरळ रेपोच्या लिंकवर क्लिक करतो. मी स्वतः आमच्याकडे हेच करतो, पाच-सात मिनिटं, जास्त नाही. म्हणजे रिझ्युमे पहिल्या माणसासाठी आणि रेपो दुसऱ्यासाठी, आणि बहुतेक मुलं फक्त पहिल्याची तयारी करतात.

आणि हो, कधीकधी कंपनीकडे त्या महिन्यात जागाच नसते, फक्त नावं गोळा करून ठेवतात. ते तुझ्या हातात नाही.

किती वेळात पाठवायचा?

रविवारी संपला असेल तर मंगळवारी दुपारपर्यंत. रविवारी रात्रीच पाठवू नकोस, 36 तास जागलेल्या माणसाने लिहिलेल्या मेलमध्ये कंपनीचं नाव चुकलेलं मी पाहिलंय, आणि दुसऱ्याच कंपनीसाठी बनवलेला जुना रिझ्युमे जोडलेलाही पाहिलाय. घरी जा, झोप, सोमवारी रेपो साफ कर, मग पाठव. आठवडा मात्र जाऊ देऊ नकोस, कारण मेंटर लोकांनी रिक्रूटरला जे तोंडी सांगितलेलं असतं (त्या मंडीवाल्या टीमची मुलगी चांगली आहे वगैरे) ते चार-पाच दिवसच डोक्यात राहतं.

त्यांनी गुगल फॉर्म दिला असेल तर आधी फॉर्म भर, मग हवं तर छोटा मेल कर. फॉर्म सोडून नुसता मेल केलास तर शीटमध्ये तुझी ओळच येत नाही आणि निवड त्या शीटवरूनच होते. फॉर्ममध्ये पासिंग इयर नीट टाक, चालू वर्ष नाही, डिग्री हातात येणार ते वर्ष. ही चूक इतकी होते की काय सांगू, आणि फिल्टर लावला की नाव गायब.

मेलमध्ये लिहायचं काय?

मेल इंग्रजीतच जाईल, पण आधी डोक्यात मराठीत मांड, चार गोष्टी बस. सब्जेक्टमध्ये क्रमाने हॅकॅथॉनचं नाव, टीमचं नाव, तुझं नाव, आणि इंटर्नशिप पाहिजे की फुल टाइम. मजकुरात पहिल्या ओळीत कुठे भेटलो, दुसरीत काय बनवलं आणि त्यात माझं काम कोणतं, तिसरीत रेपो आणि डेमोची लिंक, चौथीत मी कधीपासून उपलब्ध आहे. संपलं. "मी एक मेहनती आणि जिज्ञासू विद्यार्थी आहे" हे काढून टाक, ते सगळ्यांच्या मेलमध्ये असतं म्हणून कोणी वाचत नाही.

उदाहरण देतो, खरं आहे, फक्त नाव सांगत नाही. लोकमान्य नगरमधली एक मुलगी, थर्ड इयर, चार जणांची टीम. त्यांनी चोइथराम मंडीचे कांदा-बटाट्याचे भाव रोज सकाळी शेतकऱ्याला टेलिग्रामवर पाठवणारा बॉट बनवला होता. एसएमएसचाच विचार होता, पण आपल्याकडे असे एसएमएस पाठवायला ट्रायच्या नियमाप्रमाणे डीएलटी रजिस्ट्रेशन, म्हणजे पाठवणाऱ्याची आणि मेसेजच्या साच्याची आधी नोंदणी, लागतं, ते दोन दिवसांत कुठून होणार, म्हणून टेलिग्राम. बक्षीस काही मिळालं नाही. तिने मला पाठवलेल्या मेलच्या कच्च्या मसुद्यात होतं की आम्ही शेतकऱ्यांसाठी एक क्रांतिकारी प्लॅटफॉर्म बनवला. मी विचारलं, त्यात तू काय केलंस? म्हणाली, दादा, डेमोच्या आदल्या रात्री एकाच माणसाला तोच मेसेज तीन-तीन वेळा जात होता, ते मी थांबवलं. मी म्हटलं अगं मग हेच लिही ना! शेवटी मेलची दुसरी ओळ झाली: रोजचे भाव आणून साठवणं आणि बॉटमधून पाठवणं हा भाग माझा, दुबार जाणारे मेसेज डेटाबेसमधल्या युनिक अटीने थांबवले.

एवढ्या एका ओळीवर तिला फोन आला. फोनवर काय झालं ते खाली सांगतो.

रिझ्युमेमध्ये हॅकॅथॉन कुठे आणि कसा टाकू?

अचिव्हमेंट्सच्या खाली "फायनलिस्ट" एवढंच टाकून सोडू नकोस, प्रोजेक्ट्समध्ये टाक, आणि सगळ्यात वर टाक, कारण हा रिझ्युमे त्याच कार्यक्रमातून चाललाय. नाव, टीम किती जणांची, किती तासांचा, आणि खाली फक्त तुझ्या कामाच्या दोन-तीन ओळी. आकडे टाकायचे तर खरे टाक. "हजारो शेतकऱ्यांना फायदा" असं त्या मुलीनेही लिहिलं होतं, खरे वापरणारे होते 11, त्यातले बरेचसे वर्गातले मित्र. 11 लिहिलं तरी काही बिघडत नाही, 36 तासांत कोणाकडेच हजार वापरणारे नसतात हे इंजिनिअरला माहीत असतं, उलट हजार वाचलं की बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

एक पान. फोटो नको, जन्मतारीख, वडिलांचं नाव, घराचा पूर्ण पत्ता, आधार नंबर काहीच नको, "इंदूर" एवढं पुरे. हा कागद कुठल्या कुठल्या शीटमध्ये फिरणार ते आपल्याला कळत नाही.

पीडीएफ कॅनव्हावर बनवलाय, छान दिसतो, चालेल ना?

दिसतो छान, पण मशीनला वाचता येतोय का ते बघ. पीडीएफ उघड, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट कर. दोन कॉलमचा लेआउट असेल तर डावीकडची स्किल आणि उजवीकडचा प्रोजेक्ट एकमेकांत घुसलेले दिसतात, आणि फोटो काढून पीडीएफ केला असेल तर काहीच पेस्ट होत नाही. लिनक्सवर असशील तर ही कमांड दे:

```
pdftotext -layout resume.pdf -
```

जे बाहेर येतं साधारण तसंच भरतीच्या सॉफ्टवेअरला दिसतं. गडबड असेल तर सरळ एका कॉलमचा साधा लेआउट घे. फाइलचं नाव तुझं पूर्ण नाव आणि रोल असं ठेव, `resume_final_new2.pdf` नको, समोरच्याकडे अशा नावाच्या वीस फाइली आलेल्या असतात.

मेलला फाइलच जोड, ड्राइव्हची लिंक देऊ नकोस. मी सेकंड इयरला असताना एका कंपनीला ड्राइव्हची लिंक पाठवली होती, परवानगी बंदच राहिली होती, त्यांनी ॲक्सेस मागितल्याचा मेल आला तो मी नऊ दिवसांनी पाहिला, तोवर त्यांची माणसं घेऊन झाली होती. आजही त्याचं वाईट वाटतं. लिंक द्यावीच लागली तर इनकॉग्निटो विंडोत उघडून बघ, रेपोची लिंकसुद्धा. प्रायव्हेट राहिलेला रेपो तुला स्वतःला नेहमीच दिसतो, समोरच्याला 404 दिसतं.

रेपोमध्ये काय नीट करू? हॅकॅथॉनचा कोड तर सगळा भसाभस लिहिलेला असतो.

असू दे, ते सगळ्यांना माहीत आहे. कोड सुंदर करत बसू नकोस, तीन गोष्टी कर.

पहिली, आणि सगळ्यात महत्त्वाची, किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, टोकन, एपीआय की वगैरे. घाईत कोणीतरी या किल्ल्या असलेली `.env` फाइल कमिट केलेलीच असते. पुढच्या कमिटमध्ये डिलीट केली म्हणजे झालं असं मुलांना वाटतं पण ती जुन्या इतिहासात तशीच पडलेली असते. बघायचं असं:

```
git log --all --oneline -- .env
```

काही ओळ आली तर ती फाइल कधीतरी आत गेली होती. मग इतिहास पुसण्याच्या आधी ती किल्लीच रद्द कर, टेलिग्रामच्या बॉटचं टोकन असेल तर BotFather मध्ये `/revoke` देऊन नवीन घे, क्लाउडची किंवा डेटाबेसची असेल तर त्यांच्या पानावर जाऊन बदल. एकदा पब्लिक झालेली किल्ली गेली असंच धर. रेपो उघडल्यावर मी हे पहिलं बघतो, आणि मी एकटाच असं करतो असं नाही.

दुसरी, स्पर्धेत जमा केलेला कोड कोणता आणि नंतर सुधारलेला कोणता हे वेगळं दिसू दे. सबमिशनच्या कमिटला टॅग लाव, उदाहरणार्थ `git tag submission` आणि पुढे त्या कमिटचा नंबर, मग `git push origin submission`. त्यानंतर खुशाल सुधारणा कर. असं केलं की कोणी म्हणणार नाही की हे तर नंतर लिहिलंय, आणि हॅकॅथॉन संपल्यावरही तू काम केलंस हे आपोआप दिसतं.

तिसरी रीडमी. काय आहे, कसं चालवायचं, कोणी कोणता भाग केला, काय चालत नाही. "काय चालत नाही" हे नक्की लिही. त्या मुलीच्या रीडमीमध्ये होतं की रविवारी मंडी बंद असली तर बॉट शनिवारचाच भाव पाठवतो, तारीख बदलत नाही. हे वाचून मला ती आणखी आवडली, कारण तिला आपल्या वस्तूचे दोष माहीत होते.

आणि डेमो. रेंडरसारख्या ठिकाणी फुकटच्या प्लॅनवर 15 मिनिटं कोणी आलं नाही तर सर्व्हर झोपतो, मग पहिल्यांदा उघडायला मिनिटभर लागू शकतं, समोरचा पांढरा पडदा बघून टॅब बंद करतो. म्हणून एक-दीड मिनिटाचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ रीडमीच्या वरच ठेव आणि खाली लिही की डेमो उघडायला वेळ लागेल.

टीमचे चौघंही पाठवणार आहोत, एकच मेल करायचा का?

नाही रे, चौघांचे चार वेगळे मेल. पण पाठवायच्या आधी चौघं एकदा बसा, छप्पन दुकानवर पोहे-जिलेबी खाता खाता का होईना, आणि ठरवा की कोणाचा भाग कोणता. कारण हे चारही रिझ्युमे एकाच शीटमध्ये एकाखाली एक येतात, आणि चौघांनीही "संपूर्ण बॅकएंड मी केला" लिहिलं असेल तर चौघंही जातात, खरं करणाराही जातो.

गिटहबवर कोणाच्या नावावर किती कमिट आहेत ते कोणीही बघू शकतं:

```
git shortlog -sn --all HEAD
```

आता इथे एक खरी अडचण येते. चौघं एकाच लॅपटॉपवर बसून काम करतात, सगळे कमिट लॅपटॉपवाल्याच्या नावावर जातात, आणि जिने डिझाइन किंवा सगळा डेटा केला तिच्या नावावर शून्य. जुना इतिहास बदलायला जाऊ नका, नावं बदलून पुन्हा पुश केलेलं बरेचदा तारखांवरून कळतं आणि वाईट दिसतं. रीडमीमध्ये साधं लिहा की कोड एकाच मशीनवरून कमिट झाला, कामाची वाटणी अशी. चौघांच्या रिझ्युमेमध्ये तीच वाटणी असली की पुरे. पुढच्या वेळी कमिट मेसेजच्या शेवटी `Co-authored-by:` ची ओळ टाकत जा, म्हणजे गिटहब दोघांचं नाव दाखवतं.

आमची नंबरात टीम आलीच नाही. किंवा हॅकॅथॉन नव्हता, कोडिंग काँटेस्ट होती आणि रँक मधलीच आली. तरी पाठवू?

पाठव. मंडीवाल्या टीमलाही काही मिळालं नव्हतं. बक्षीस जज देतात आणि ते पाच मिनिटांचं प्रेझेंटेशन बघतात, कंपनी माणूस शोधत असते, दोन्ही वेगळं.

काँटेस्टचं थोडं वेगळं आहे कारण तिथे दाखवायला वस्तू नसते. तिथे रँक लिहायची तर किती जणांत तेही लिही, नुसती "रँक 140" वाचून काहीच कळत नाही. त्याबरोबर प्रोफाइलची लिंक दे, स्क्रीनशॉट नको. आणि जो प्रश्न तेव्हा सुटला नाही तो घरी येऊन सोडव, याला काँटेस्टवाले अपसॉल्व्ह म्हणतात, कारण पुढे मुलाखत झाली तर "तिसरा का राहिला" हे विचारायची शक्यता चांगलीच असते.

उत्तरच आलं नाही. किती दिवसांनी आठवण करू?

कामाचे पाच-सात दिवस थांब, मग त्याच मेलवर रिप्लाय कर, नवीन मेल नको, म्हणजे जुनं सगळं खाली दिसतं. दोन ओळी बस, आणि शक्यतो एक नवी गोष्ट सांग: दुबार मेसेजची चूक आता पूर्ण गेली, किंवा डेमो आता या पत्त्यावर आहे. काही नवीन नसेल तर साधं विचार की प्रक्रिया पुढे कधी सुरू होईल. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी अजून एकदा, आणि मग थांब. तिसरी-चौथी आठवण कोणाच्याच कामाची नाही. रिक्रूटरचा मोबाइल नंबर व्हॉट्सॲप ग्रुपमधून मिळाला असेल तर त्यावर फोन करू नकोस, तो तिने ग्रुपच्या कामासाठी दिला होता.

पत्ता हरवला किंवा मेल बाऊन्स झाला तर आयोजक क्लबच्या मुलांना विचार, त्यांच्याकडे स्पॉन्सरचा संपर्क असतो.

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला सांगावं लागेल का?

थर्ड इयरच्या इंटर्नशिपला बहुतेक ठिकाणी फक्त एनओसी लागते. पण फायनल इयरला असशील तर आपल्या कॉलेजचा नियम आधी वाच, काही कॉलेजांत एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत, आणि बाहेरून मिळालेली ऑफर त्यात धरतात की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. तीच कंपनी पुढे कॅम्पसवर येणार असेल तर सेलला सांगूनच पाठव, नाहीतर दोन्हीकडे नाव दिसून गोंधळ होतो.

हॅकॅथॉननंतर दोन दिवसांनी एक मेल आला, सिलेक्शन झालं म्हणे, लॅपटॉपसाठी डिपॉझिट मागतायत.

भरू नकोस. सहभागी लोकांची यादी कुठून तरी बाहेर जाते आणि असे मेल सुरू होतात. मुलाखत न घेता निवड, पत्ता कंपनीच्या डोमेनचा नसून फुकटच्या मेलचा, किंवा डोमेनमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे, आणि पैसे किंवा मूळ मार्कशीट मागणं, यातलं एक जरी दिसलं तरी कंपनीच्या वेबसाइटवरून संपर्क काढून विचार. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन कर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाक, जितक्या लवकर कळवशील तितकी रक्कम मध्येच अडवली जायची शक्यता जास्त. आणि घरी आई-बाबांना सांग, लपवू नकोस.

फोन आला तर काय विचारतात?

बहुतेक वेळा त्याच ओळीवरून सुरुवात होते जी तू मेलमध्ये लिहिलीस. त्या मुलीला विचारलं, मेसेज तीनदा का जात होता? तिने सांगितलं की टेलिग्रामला मेसेज पोचायचा पण त्याचं उत्तर आमच्याकडे यायच्या आत टाइमआउट व्हायचा, कोडला वाटायचं गेला नाही, म्हणून तो परत पाठवायचा. मग तिने टेबलवर ही अट घातली:

```sql
ALTER TABLE alerts
ADD CONSTRAINT one_alert UNIQUE (chat_id, item, sent_on);
```

म्हणजे एका माणसाला, एका मालाची, एका दिवसाची एकच ओळ. आधी "पेंडिंग" म्हणून ओळ घालायची, ती घातली गेली तरच मेसेज पाठवायचा, मग "सेंट" करायचं. इथपर्यंत तिची तयारी होती. मग त्यांनी विचारलं, ओळ घातली आणि पाठवायच्या आधीच प्रोग्रॅम बंद पडला तर? ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली की तेव्हा मेसेज जाणारच नाही, म्हणून दहा मिनिटांपेक्षा जुन्या पेंडिंग ओळी परत पाठवाव्या लागतील, आणि तेव्हा क्वचित एखादा दोनदा जाईल, कारण पहिला पोचला होता की नाही हे आपल्याला नक्की कळूच शकत नाही. त्यांनी विचारलं मग दोनदा गेलेला बरा की न गेलेला? ती म्हणाली भावाचा मेसेज दोनदा गेला तर शेतकरी वैतागेल, पण गेलाच नाही तर तो गाडी भरून चुकीच्या दिवशी मंडीत येईल, म्हणून दोनदा बरा.

हे उत्तर पाठ करून येत नाही, ते फक्त तो कोड स्वतः लिहिलेल्यालाच देता येतं. म्हणून फोन यायच्या आधी आपलाच रेपो एकदा पहिल्यापासून वाचून काढ, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचार की हे इथेच बंद पडलं तर काय होईल.

शेवटी ते विचारतात पुण्याला किंवा बंगळुरूला येशील का, पगार किती पाहिजे. काय सांगू?

घरी विचारून आधीच ठरव, फोनवर अडखळू नकोस. "पुण्यात मावशी आहे, राहायची सोय होईल, 10 जूननंतर येऊ शकते" असं त्या मुलीने सांगितलं, तारखेसकट, आणि समोरच्या मॅडमनी ते लगेच टिपून घेतलं. सेमिस्टरची परीक्षा मध्ये येत असेल तर ती तारीखही आधीच सांग, नंतर सुट्टी मागण्यापेक्षा ते बरं. पैशाचं म्हणशील तर इंटर्नशिपला स्टायपेंड बहुधा ठरलेलाच असतो, तेव्हा आकडा सांगण्याआधी विचार की तुमच्याकडे इंटर्नला किती देता, घरभाडं धरून भागेल का ते बघ आणि एक दिवस मागून घे.